कातडीच्या पेशीला उलट्या वाटेने नेताना

दंडाच्या आतल्या बाजूने काढलेला तीन-चार मिलिमीटरचा कातडीचा तुकडा बारीक कापून डिशमध्ये ठेवला, की आठवड्या-दोन आठवड्यांत त्याच्या कडांमधून पेशी रांगत बाहेर पडू लागतात. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, माशांच्या थव्यासारख्या एकाच दिशेला तोंड करून पसरणाऱ्या. या फायब्रोब्लास्ट पेशी. कोलॅजन तयार करणे आणि जखम भरून काढायला मदत करणे हे त्यांचे काम. कितीही दिवस वाढवल्या तरी त्यांची चेतापेशी होत नाही की हृदयाची पेशी होत नाही. मात्र याच पेशींमध्ये चार जनुके काही दिवस चालू ठेवली, तर महिन्याभरात त्यांतल्या मोजक्या पेशी अशा अवस्थेला पोचतात की त्यांच्यापासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी घडवता येते. त्यांना प्रेरित बहुक्षम मूलपेशी म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे आयपीएस पेशीच म्हणतात, इथेही तेच नाव वापरू.

हे शक्य का होते, ते आधी पाहू. कातडीच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो. फरक एवढाच, की कातडीच्या पेशीने मेंदूची, यकृताची, भ्रूणावस्थेची पाने घट्ट बासनात बांधून ठेवलेली असतात. पोथी पुरी असते, उघडी असतात ती थोडी पाने. हे बासन सोडता येते याचा पुरावा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये दिला. त्यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक काढून, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि त्यातून बेडूकपिल्ले वाढली. म्हणजे अंड्याच्या आतल्या रसात असे काहीतरी आहे, जे बांधलेली पाने पुन्हा उघडते. ते काहीतरी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न पुढे चाळीसहून जास्त वर्षे शिल्लक राहिला.

जपानमधल्या क्योतो विद्यापीठात शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी त्याचा शोध ज्या पद्धतीने घेतला, ती समजून घेण्यासारखी आहे. भ्रूणीय मूलपेशींमध्ये महत्त्वाची वाटणारी २४ जनुके त्यांनी निवडली. मग अशा उंदराच्या फायब्रोब्लास्ट घेतल्या, ज्यात मूलपेशीसारखी अवस्था आली तरच एका औषधाला तोंड देणारे जनुक चालू होईल. डिशमध्ये ते औषध टाकले की बाकीच्या सगळ्या पेशी मरणार आणि बदललेली पेशी असेलच तर तेवढीच जगणार. एकेक जनुक घालून पाहिले, काहीच उरले नाही. चोवीसही एकदम घातली, तेव्हा मोजक्या कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, उगवल्या. मग दर वेळी एक जनुक वगळायचे आणि कॉलन्या कमी होतात का ते पाहायचे. अशी गाळणी लावत यादी दहावर आली आणि शेवटी चारवर थांबली: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवर तेच चार घटक चालले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने ऑक्ट-४, सॉक्स-२, नॅनॉग आणि लिन-२८ अशी थोडी वेगळी चौकडी वापरून तोच टप्पा गाठला. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे नोबेल एकत्र मिळाले.

माणसाच्या त्या पहिल्या प्रयोगात ५०,००० पेशींमागे साधारण दहा कॉलन्या मिळाल्या होत्या. पाच हजारांत एक. हा आकडा इतका छोटा का, याचे उत्तर पेशीच्या आत काय चालते त्यात आहे.

चार घटक म्हणजे चार प्रथिने. ती डीएनएवर ठरावीक जागी बसून जनुके चालू-बंद करतात. यांतल्या ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि केएलएफ-४ यांचा खास गुण असा, की बांधलेल्या, आवळलेल्या भागातही ती शिरकाव करू शकतात. सी-मिक पेशीला भराभर विभागायला लावते आणि या तिघांचे काम सोपे करते. पहिल्या आठवड्यात फायब्रोब्लास्टची स्वतःची ओळख पुसली जाते. लांबट आकार जातो, एकेकटे फिरणे थांबते, पेशी शेजारणीला ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने चिकटू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोलसर पेशींचे पुंजके दिसायला लागतात.

बहुतेक पेशी इथेच अडतात. बाहेरून आलेल्या घटकांमुळे पेशीला धोका जाणवतो आणि पी-५३ हे पहारेकरी प्रथिन तिचे विभाजन थांबवते किंवा तिला मरायला लावते. ज्या वाचतात, त्यांच्यात काही भाग फारच घट्ट आवळलेले असतात आणि ते उघडतच नाहीत. थोड्याच पेशींमध्ये पुढचा टप्पा येतो: पेशीचे स्वतःचे ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि नॅनॉग जागे होतात. ही तिन्ही एकमेकांना आणि स्वतःलाही चालू ठेवतात. एकदा हे चक्र फिरू लागले की बाहेरच्या घटकांची गरज संपते. विरजणासारखेच आहे हे. थेंबभर लावायचे आणि पुढचे काम दुधातच व्हायचे. दही लागल्यावर विरजण काढून घेता येत नाही, इथे मात्र ते काढलेच पाहिजे, कारण सी-मिक नंतर पुन्हा चालू झाले तर गाठ होते. यामानाकांच्या सुरुवातीच्या उंदरांमध्ये नेमके हेच झाले होते. त्या वेळी वापरलेला रेट्रोव्हायरस जनुके गुणसूत्रात कायमची खोचत असे, आणि अशा पेशींपासून जन्मलेल्या पिल्लांमध्ये सी-मिक जागे होऊन गाठी आल्या.

म्हणून आता गुणसूत्राला हात न लावणाऱ्या पद्धती वापरतात. एपिसोमल प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची सुटी कडी. ती पेशी विभागताना हळूहळू हरवत जाते. आरएनए रोज थोडा थोडा देण्याचीही पद्धत आहे, तिला चिकाटी फार लागते. सेंडाई विषाणूची पद्धत सर्रास वापरली जाते. हा आरएनएचा विषाणू आहे, तो पेशीच्या केंद्रकात जातच नाही, त्यामुळे गुणसूत्रात घुसण्याची भीती नाही. हीच पद्धत घेऊन एक प्रयोग दिवसावार पाहू.

सहा खणांच्या प्लेटमध्ये, विषाणू देण्याच्या दोन दिवस आधी, एकेका खणात फायब्रोब्लास्ट पेरायच्या. पेशी तरुण हव्यात, म्हणजे डिशमधून डिशमध्ये पाच-सहा वेळांपेक्षा जास्त हलवलेल्या नकोत. दमलेल्या फायब्रोब्लास्ट पसरट होतात, हळू विभागतात आणि त्यांच्यातून कॉलनी क्वचितच निघते. एक खण फक्त मोजणीसाठी जास्तीचा ठेवायचा. विषाणू द्यायच्या दिवशी त्यातल्या पेशी तळापासून सोडवून मोजायच्या, कारण दोन दिवसांत त्या किती वाढल्या हे डोळ्यांनी ठरवता येत नाही.

समजा एका खणात २ लाख पेशी निघाल्या. तीन वेगवेगळे विषाणू एकत्र द्यायचे असतात. पहिल्यात केएलएफ-४, ऑक्ट-४ आणि सॉक्स-२ एकत्र असतात, दुसऱ्यात सी-मिक, तिसऱ्यात जास्तीचा केएलएफ-४. नेहमीचे प्रमाण प्रत्येक पेशीमागे अनुक्रमे ५, ५ आणि ३ कण असे असते. कुपीवर एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी कण असे लिहिले असेल, तर पहिल्यासाठी २ लाख गुणिले ५, म्हणजे दहा लाख कण लागतील. ते येतात १० मायक्रोलिटरमध्ये. दुसऱ्याचे १०, तिसऱ्याचे ६. दर बॅचचा आकडा वेगळा असतो, म्हणून मागच्या खेपेचा हिशेब पुन्हा वापरणे ही हमखास फसण्याची जागा आहे.

चोवीस तासांनी मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलायचे. पुढचे दोन दिवस बऱ्याच पेशी मरतात. खणातल्या निम्म्या गेल्या तरी प्लेट फेकायची घाई करू नये, उरलेल्या सावरतात. सातव्या दिवशी पेशी सोडवून लॅमिनिन किंवा व्हिट्रोनेक्टिन या पेशींना पकड देणाऱ्या प्रथिनाचा लेप दिलेल्या नव्या खणांत, खणाला ५० हजार ते १ लाख अशा पेरायच्या. आठव्या दिवसापासून सीरमचे मीडियम बंद करून मूलपेशींचे मीडियम सुरू करायचे आणि ते रोज बदलायचे. सीरम तसेच ठेवले तर न बदललेल्या फायब्रोब्लास्ट माजतात आणि नव्या कॉलन्यांना जागाच उरत नाही.

बाराव्या ते पंधराव्या दिवशी घट्ट पुंजके ठळक होतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उचलण्याइतक्या मोठ्या कॉलन्या होतात. इथे नजर तयार असावी लागते. खरी कॉलनी पसरट असते, तिची कड कापल्यासारखी स्वच्छ असते. आतल्या पेशी इतक्या खेटून असतात की त्यांच्या सीमा दिसणे अवघड. प्रत्येक पेशीत मोठे केंद्रक, त्यात एक-दोन ठळक ठिपके, आणि भोवती पेशीरसाची जेमतेम कडा. अर्धवट बदललेली कॉलनीही भराभर वाढते, बऱ्याचदा खऱ्या कॉलनीपेक्षा जास्त. पण तिची कड विसकटलेली असते, पेशी सुट्या, गोल आणि चमकदार दिसतात. तिच्यात बाहेरचे सी-मिक जोरात चालू असते, स्वतःचे चक्र मात्र सुरू झालेले नसते. नवखा माणूस वेग पाहून नेमकी हीच उचलतो. शंका असेल तर टीआरए-१-६० या खुणेला चिकटणारे चमकते प्रतिपिंड जिवंत डिशमध्येच टाकून पाहता येते. खरी कॉलनी सगळीकडे सारखी उजळते.

कॉलनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने चार-सहा तुकड्यांत कापून उचलायची. एका कॉलनीचे तुकडे एकाच खणात, दोन कॉलन्या कधी मिसळायच्या नाहीत. एका कॉलनीपासून वाढवत नेलेल्या पेशी म्हणजे एक ओळ. अशा दहा-बारा वेगळ्या ओळी ठेवायच्या, त्यांतल्या बऱ्याच पुढे गळतात. तुकडेच का, सुट्या पेशी का नाहीत? कारण शेजारणीपासून तुटलेली एकटी मूलपेशी स्वतःला इतकी आवळून घेते की तिच्या अंगावर फुगे येतात आणि ती मरते. रॉक नावाचे एन्झाइम रोखणारे वाय-२७६३२ हे रसायन पहिल्या दिवशी १० मायक्रोमोलर दिले की हे आवळणे थांबते आणि पेशी तग धरतात.

यानंतर चार-पाच दिवसांनी एकदा, ०.५ मिलिमोलर ईडीटीएने सैल करून, कॉलन्या नव्या डिशमध्ये हलवत राहायचे. साधारण दहा खेपांपर्यंत सेंडाई विषाणू विरळ होत नाहीसा होतो. तो गेल्याची खात्री आरएनए तपासूनच करायची, दिसण्यावरून नाही. कातडीच्या तुकड्यापासून इथवर तीन-चार महिने सहज जातात.

मग तपासण्या. ओळ त्याच माणसाची आहे ना, हे डीएनएच्या ठशावरून. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूंची लागण नाही ना. भ्रूणाच्या ज्या तीन थरांतून सगळे शरीर घडते, त्या तिन्हींच्या पेशी तिच्यापासून होतात का. आणि गुणसूत्रे शाबूत आहेत का. या शेवटच्या तपासणीत एक फट आहे. नेहमीच्या पद्धतीत वीस पेशींची गुणसूत्रे रंगवून पाहतात. त्यात मोठा बदल सापडतो, उदाहरणार्थ १२ वे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे. पण विसाव्या गुणसूत्राच्या २०क्यू-११.२१ या छोट्या भागाची जास्तीची प्रत त्यात बहुधा निसटते. हा भाग दुप्पट झाला की बीसीएल-२-एल-१ हे पेशीला मरू न देणारे जनुक जादा होते. अशी एक पेशी हळूहळू बाकीच्यांना मागे टाकत पूर्ण डिश व्यापते. म्हणून त्या भागाची वेगळी तपासणी लागते. हाताखालीही त्याची चाहूल लागते: नाजूक ओळ एकाएकी सोपी वाटायला लागते, वाय-२७६३२ न देताही सुट्या पेशी तरतात, मीडियम नेहमीपेक्षा लवकर पिवळे पडते. अशा वेळी खूश न होता आधीच्या खेपेची गोठवलेली कुपी काढावी.

आता भ्रूणीय मूलपेशी, म्हणजे ईएस पेशी. या घडवाव्या लागत नाहीत, त्या उचलाव्या लागतात. फलनानंतर पाच-सहा दिवसांचे भ्रूण म्हणजे एक पोकळ गोळा असतो. बाहेरच्या थराची पुढे वार होते आणि आत एका बाजूला चिकटलेल्या पेशींच्या पुंजक्यातून बाळ घडते. तो पुंजका वेगळा करून डिशमध्ये वाढवला की ईएस ओळ तयार होते आणि भ्रूण तिथे संपते. थॉमसन यांनी १९९८ मध्ये माणसाच्या पहिल्या पाच ओळी अशाच मिळवल्या. १४ भ्रूणांतून पुंजके काढले, तेव्हा पाच ओळी हाती आल्या. वंध्यत्वाच्या उपचारांत उरलेली आणि जोडप्यांनी संमतीने दिलेली भ्रूणे हाच याचा स्रोत. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतही किंड-१ आणि किंड-२ या ईएस ओळी तयार झाल्या आहेत.

डिशमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या तर आयपीएस आणि ईएस कॉलन्या वेगळ्या ओळखता येणार नाहीत. मीडियम तेच, खुणा त्याच, नाजूकपणा तोच, गुणसूत्रे बिघडायच्या जागाही त्याच. सुरुवातीच्या काही अभ्यासांत दोघींच्या जनुकांच्या हालचालीत बरेच फरक दिसले होते. नंतर एकाच जनुकीय वारशाच्या आयपीएस आणि ईएस ओळी घेऊन तुलना केली, तेव्हा त्यांतले बहुतेक फरक मावळले. दोन वेगळ्या माणसांमधला फरक हा त्या दोन प्रकारांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. म्हणून «आयपीएस म्हणजे दुय्यम ईएस» हे म्हणणे पटत नाही. अवस्था एकच आहे, तिथे पोचण्याची वाट वेगळी आहे, आणि वाटेचे वळ पेशीवर राहतात.

पहिला वळ जुन्या ओळखीचा. रक्तापासून बनवलेली आयपीएस ओळ सुरुवातीच्या खेपांमध्ये रक्तपेशी होण्याकडे जास्त कलते, कारण डीएनएवरच्या जुन्या खुणा पूर्ण पुसलेल्या नसतात. खेपा वाढतात तसा हा कल फिका होतो, म्हणून कोवळ्या ओळीवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. दुसरा वळ वयाचा, आणि तो पुसला जात नाही. साठ वर्षांच्या माणसाच्या कातडीने साठ वर्षांचे ऊन खाल्लेले असते. एका कॉलनीची सुरुवात एकाच पेशीपासून होते, त्यामुळे त्या पेशीत ऊन लागून झालेले डीएनएचे बदल पूर्ण ओळीत उतरतात. रक्तापासून सुरुवात केली तर उन्हाचा प्रश्न सुटतो, पण अशा ओळींमध्ये बीसीओआर जनुकातले बदल वारंवार सापडले आहेत. पाच दिवसांच्या भ्रूणाने हे आयुष्य जगलेलेच नसते. ईएस पेशींची ही बाजू खरोखर जमेची आहे.

आयपीएसची जमेची बाजू अशी, की ती कोणाची हे आपण ठरवू शकतो. हा गुण किती कामाचा आणि किती महाग, हे जपानमधल्या कोबे शहरातल्या एका रुग्णाच्या बाबतीत दिसले. सप्टेंबर २०१४ मध्ये, मासायो ताकाहाशी यांच्या गटाने तयार केलेला पेशींचा पापुद्रा सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात बसवण्यात आला. त्यांना वयामुळे होणारा पडद्याच्या मध्यभागाचा आजार होता. त्यांच्याच कातडीपासून आयपीएस पेशी, त्यांपासून पडद्यामागच्या रंगद्रव्याच्या पेशी, आणि त्यांचा १.३ गुणिले ३ मिलिमीटरचा एक पापुद्रा. वर्षभरानंतर तो जागेवर शाबूत होता, गाठ झालेली नव्हती. नजर सुधारली नाही, पण खालावलीही नाही. आयपीएस पेशींचा असा उपचार माणसावर पहिल्यांदाच होत होता आणि सुरक्षितता पाहणे हाच त्याचा मुख्य हेतू होता.

दुसऱ्या रुग्णासाठी तीच तयारी झाली आणि त्यांच्या आयपीएस पेशींमध्ये डीएनएचे काही तुकडे गळालेले आढळले. त्यांचा धोका किती हे सांगता येत नव्हते, म्हणून गटाने ते रोपण केलेच नाही. हा निर्णय योग्य होता. एका माणसासाठी ओळ बनवायची, महिनोन्महिने तपासायची आणि शेवटी ती टाकून द्यावी लागू शकते. दर रुग्णाला स्वतःच्या पेशी हा विचार ऐकायला कितीही सरळ असला, तरी प्रत्यक्षात तो इथे अडला. २०१७ मध्ये त्याच गटाने पुढचे रोपण दुसऱ्या माणसाच्या, आधीच तपासून ठेवलेल्या आयपीएस पेशींपासून केले.

त्या पेशी क्योतोच्या साठ्यातल्या होत्या. आपली प्रतिकारशक्ती परकी पेशी ओळखते ती मुख्यतः एचएलए या खुणांवरून. या खुणांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. काही मोजक्या माणसांमध्ये योगायोगाने दोन्ही संच सारखेच असतात. अशा माणसाच्या पेशी दिल्या तर रुग्णाशी एकच संच जुळला तरी पुरते. जपानमध्ये अशा सात दात्यांपासून २७ ओळी तयार झाल्या आणि त्या तिथल्या सुमारे ४० टक्के लोकांना जुळतात. ईएस पेशींनी असा साठा उभारणे अवघड आहे. प्रौढ दात्याच्या खुणा रक्त तपासून आधीच कळतात आणि नोंदींमधून हवा तो माणूस शोधता येतो, भ्रूण मात्र जे हाती येईल ते घ्यावे लागते. जपानचा हा हिशेब भारताला जसाच्या तसा लागू होणार नाही. तिथे एचएलएचे काही संच फार मोठ्या लोकसंख्येत सारखे आढळतात, आपल्याकडे मात्र निरनिराळ्या समाजांमध्ये ते खूपच वेगवेगळे आहेत, त्यामुळे तेवढ्याच दात्यांत तेवढे लोक बसणार नाहीत.